रात्रीच्या गाडीतलं अंथरूण आणि अकरानंतरचा चार्जर

एसी डब्यात गाडी सुटली की थोड्याच वेळात अटेंडंट खाकी कागदी पाकीट देऊन जातो. त्यात दोन चादरी, उशीचा अभ्रा आणि एक छोटा नॅपकिन असायला हवा. उशी आणि ब्लँकेट पाकिटाबाहेर, वेगळे मिळतात. हा फरक साधा वाटला तरी तो लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पाकिटातले कपडे प्रत्येक वापरानंतर धुतले जातात, ब्लँकेट मात्र नाही. ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतलं जातं, असं रेल्वेमंत्र्यांनी 2024 मध्ये लोकसभेत सांगितलं होतं. म्हणजे तुमच्या हाती आलेलं ब्लँकेट त्याआधी कितीतरी लोकांनी पांघरलेलं असू शकतं.

दुसरी चादर त्यासाठीच असते. एक चादर बर्थवर अंथरायची आणि दुसरी अंगावर घेऊन तिच्यावर ब्लँकेट ओढायचं. बरेच जण दोन्ही चादरी खाली अंथरतात आणि लोकरी ब्लँकेट थेट गळ्याशी घेतात, मग सकाळी शिंका आणि खाज. दमा किंवा धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी घरची पातळ शाल आणावी आणि ब्लँकेटला हातच लावू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

पाकीट आधीच फाटलेलं असेल, चादरीला इस्त्रीची कडक घडी नसेल किंवा ती दमट लागत असेल, तर लगेच बदलून मागावी. अटेंडंटने टाळाटाळ केली तर 139 वर किंवा ‘रेलमदद’ अ‍ॅपवर तक्रार करता येते. नॅपकिन बऱ्याचदा मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा तो मागून घ्यावा.

या सगळ्याचे पैसे फर्स्ट, टू आणि थ्री एसीच्या तिकिटातच धरलेले असतात, त्यामुळे वेगळे द्यायचे नाहीत. थ्री एसी इकॉनॉमीत सुरुवातीला अंथरूण नव्हतं, 2022 पासून तेही मिळू लागलं. गरीब रथात मात्र ते भाड्यात नसतं, तिकीट काढतानाच 25 रुपये भरून घ्यावं लागतं. आरएसीवर एकाच बर्थवर दोघे बसले असतील, तरी एसी डब्यात दोघांनाही स्वतंत्र संच मिळायला हवा. तशा सूचना रेल्वे बोर्डाने 2023 च्या अखेरीस दिल्या आहेत, त्यामुळे ‘दोघांत एकच’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

स्लीपरमध्ये बर्थखेरीज काहीही मिळत नाही. चेन्नई विभागाने जानेवारी 2026 पासून काही गाड्यांच्या स्लीपर डब्यांत 50 रुपयांत चादर-उशीची सोय जाहीर केली, पण आपल्याकडच्या प्रवाशाने ती गृहीत धरू नये. डिसेंबरात मुंबईहून विदर्भात जाताना इगतपुरीच्या पुढे खिडकीच्या फटीतून येणारा वारा चांगलाच बोचतो. तेव्हा अंथरायला एक चादर, पांघरायला सोलापुरी चादर, फुंकायची उशी आणि कानटोपी एवढं तरी सोबत असावं.

आता चार्जिंगचं. रात्री अकरा ते पहाटे पाच चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याचा नियम आहे. डिसेंबर 2013 मध्ये बंगळुरू-नांदेड एक्स्प्रेसच्या एसी डब्याला मध्यरात्रीनंतर आग लागली आणि 26 जणांचा जीव गेला. त्यानंतर रेल्वेने असे आदेश काढले, आणि 2021 मध्ये त्यांची पुन्हा आठवण करून दिली. सगळे झोपेत असताना एखादा चार्जर तापला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, हे त्यामागचं कारण आहे. प्रत्येक गाडीत हा नियम पाळला जात नाही, तरी आपण तो गृहीत धरूनच निघावं. समजा तुम्हाला अकोल्याला पहाटे उतरायचं आहे आणि गजर फोनवर लावला आहे. रात्री साडेदहाला फोन वीस टक्क्यांवर असेल तर रात्रभर त्याचा भरवसा नाही. जेवण होईपर्यंतच चार्जिंग उरकावं आणि पॉवर बँक घरून भरून आणावी. स्लीपरच्या जुन्या डब्यांत पॉइंट मोजकेच असतात आणि त्यांतले काही सैल असतात, तेव्हा फोनवर चार्जिंगची खूण दिसते का, ते पाहूनच बाजूला व्हावं.

बहुतेक डब्यांत या पॉइंटला घरच्यासारखे 230 नव्हे, तर 110 व्होल्ट असतात. तुमच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘INPUT: 100-240V’ लिहिलेलं असेल तर चिंता नाही. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर सहसा ते असतं. किटलीचं मात्र वेगळं आहे. घरी 1500 वॉटवर चालणारी किटली इथे साडेतीनशेच्या आसपास येते, म्हणजे पाणी उकळायला चौपटीहून जास्त वेळ. तरीही ती सुमारे तीन अँपिअर ओढते, म्हणजे 20 वॉटचे सोळा-सतरा मोबाइल एकाच वेळी लावल्यासारखं. मोबाइलसाठी घातलेल्या वायरिंगला आणि सैल सॉकेटला तो भार सोसत नाही. सॉकेट तापतं, वायर वितळते किंवा फ्यूज उडून आजूबाजूचे पॉइंट बंद पडतात. म्हणूनच किटली आणि इस्त्री लावायला मनाई आहे आणि त्याबद्दल रेल्वे कायद्याखाली कारवाई होते. तान्ह्या बाळाच्या दुधासाठी गरम पाणी लागणार असेल तर ते चांगल्या थर्मासमध्ये घरून भरून घ्यावं, आणि सकाळसाठी पँट्री कारमध्ये आदल्या रात्रीच सांगून ठेवावं.