कार्ड सांगतं ते पुस्तक

औरंगाबादच्या मिर्झा मरियमने 2021 मध्ये मोहल्ल्यातल्या मुलांसाठी घरातच वाचनालय सुरू केलं, तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. मुळशीत असं करायचं, तर एक अडचण आधी ध्यानात घ्यावी. पिरंगुटला कारखाने, हिंजवडीला कंपन्या. कामासाठी आलेली भाडेकरू कुटुंबं अचानक खोली बदलतात, आणि पुस्तक सामानाबरोबर जातं.

म्हणून वर्गणीसोबत अनामत घ्यावी. समजा वीस मुलं आहेत, महिना तीस रुपये आणि अनामत शंभर. महिन्याला सहाशे येतात, त्यांतून नवी पुस्तकं आणि चिकटपट्टी. दोन हजारांची अनामत मात्र वेगळ्या पाकिटात. तो पैसा मुलांचा आहे. त्यातून पुस्तकं घेतली, की घर सोडणाऱ्या अम्मीसमोर मान खाली घालायची वेळ येते.

नोंदीसाठी वाचनालयांतली जुनी ब्राऊन पद्धत घराला छान बसते. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक द्यायचा आणि तो वहीत नाव, किंमत, तारखेसह लिहायचा. तोच क्रमांक घातलेलं एक कार्ड पुस्तकाच्या मागच्या पानावरच्या खिशात ठेवायचं. प्रत्येक मुलाच्या नावाचा एक लिफाफा. सानियाने सत्तावीस नंबरचं पुस्तक नेलं, की कार्डावर तिचं नाव आणि तारीख लिहून ते तिच्या लिफाफ्यात टाकायचं. पुस्तक परत आलं, की कार्ड पुन्हा पुस्तकात.

रविवारी असरनंतर देवघेव आटोपली, की मोजावं. एकशेवीस पुस्तकांपैकी कपाटात एकशेदोन आणि लिफाफ्यांत अठरा कार्डं, तर हिशेब जुळला. कार्डं सतराच निघाली, तर एक पुस्तक न लिहिता गेलं; त्याच दिवशी विचारलं तर सापडतं, महिन्याने नाही.

या कार्डांचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. सहा महिन्यांनी ती पसरून बघा. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’च्या कार्डावर नावांची रांग असेल आणि जाडजूड बोधकथांचं कार्ड कोरं, तर पुढची खरेदी कशाची हे ठरलंच. (बोधकथा बहुधा आपण मोठ्यांनीच निवडलेल्या असतात.) एक सावधगिरी: कोरं कार्ड म्हणजे पुस्तक वाईट, असं लगेच समजू नये. ते खालच्या कप्प्यात मागे दबलेलं असू शकतं. महिनाभर मुखपृष्ठ समोर दिसेल असं ठेवून मग ठरवावं.

लहानांची चित्रपुस्तकं दहा मिनिटांत वाचून होतात, त्यांना एका वेळी दोन द्यावीत. मकतबमध्ये उर्दू शिकणाऱ्यांसाठी ‘बच्चों की दुनिया’चे अंक ठेवता येतात, मराठीत बालभारतीचं ‘किशोर’ आहेच. अंकांनाही क्रमांक आणि कार्ड हवंच. पातळ असल्यामुळे ते दप्तरात सर्वांत आधी हरवतात.