सांधा धरा, सांधा सोडा

दोन खांब आणि त्यांच्या डोक्यावर एक तुळई. वर्कशॉपच्या शेडपासून बंगल्याच्या पोर्चपर्यंत हा सांगाडा सगळीकडे दिसतो. इंजिनिअर त्याला पोर्टल फ्रेम म्हणतात. तुळई खांबांवर नुसती टेकवलेली असती, तर तिचं गणित दोन ओळींत सुटलं असतं. पण काँक्रीटमध्ये तुळई आणि खांब एकसंध ओतलेले असतात. भाराखाली तुळई वाकली की तिचं टोक फिरू पाहतं आणि त्याबरोबर खांबाचं डोकंही फिरवू पाहतं. खांब विरोध करतो, म्हणजेच तुळईचा काही ताण स्वतःच्या अंगावर घेतो. किती घेतो, हे कळल्याशिवाय सळई कुठे आणि किती घालायची ते ठरत नाही.

अडचण अशी की दोन्ही खांब पायात पक्के रोवलेले असले, तर जमिनीकडून येणाऱ्या अज्ञात प्रतिक्रिया सहा असतात आणि समतोलाची समीकरणं तीनच. उरलेली माहिती सांगाडा किती आणि कसा वाकतो यातून काढावी लागते. एका फ्रेमसाठी ते जमतं, पण अनेक मजल्यांच्या इमारतीत हातानं सोडवायच्या समीकरणांचा डोंगर होतो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी १९३० मध्ये एक छोटा शोधनिबंध लिहून या डोंगराला बगल दिली. त्यांची पद्धत मोमेंट डिस्ट्रिब्यूशन म्हणून ओळखली जाते आणि सिव्हिलच्या अभ्यासक्रमात आजही शिकवली जाते.

मोमेंट म्हणजे फिरवण्याचा जोर. पान्यानं नट आवळताना हाताचा जोर आणि पान्याची लांबी यांचा गुणाकार जे काम करतो, तेच. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानानं शंभर किलोचं वजन, आणि ते एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला टांगलं तर एक किलोन्यूटन-मीटर मोमेंट होतो.

आता एक फ्रेम घेऊ. तुळईचा गाळा ६ मीटर, खांब ४ मीटर उंच, दोन्ही पाय पक्के. तुळईवर दर मीटरला २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोन टन, असा सारखा भार. सोयीसाठी तुळईचा छेद असा धरू की टोक फिरवायला तुळई जेवढा विरोध करते, तेवढाच खांब करतो. लांब तुळई सहज फिरते, म्हणून तिचा छेद खांबाच्या दीडपट ताठर ठेवला की हिशेब जुळतो.

पहिली पायरी: दोन्ही वरचे सांधे मनातल्या मनात घट्ट धरायचे, जरासुद्धा फिरू द्यायचे नाहीत. अशा तुळईच्या टोकाशी येणारा मोमेंट ठरलेला असतो: भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले बारा. इथे तो ६० येतो. खांबात अजून काहीच नाही. म्हणजे सांध्यात तुळईकडून ६० आणि खांबाकडून शून्य. आपण धरून ठेवलंय म्हणूनच सांधा स्थिर आहे.

दुसरी पायरी: सांधे सोडायचे. सोडताच सांधा फिरतो आणि तफावत दोन अवयवांत त्यांच्या ताठरतेच्या प्रमाणात वाटली जाते. इथे ताठरता सारखी, म्हणून तुळईचे ६० उतरून ३० होतात आणि खांबात ३० येतात.

तिसरी पायरी क्रॉस यांच्या पद्धतीचा गाभा आहे. एका टोकाला फिरवलेला अवयव दुसऱ्या पक्क्या टोकाला निम्मा मोमेंट पोहोचवतो. खांबाच्या डोक्यातल्या ३० मुळे १५ पायाशी जातात आणि तिथेच राहतात, कारण पाया फिरत नाही. तुळईच्या प्रत्येक टोकाला समोरच्या टोकाकडून १५ येतात. त्यामुळे तुळईत ४५ झाले, खांबात मात्र ३०, आणि सांधा पुन्हा असंतुलित. पण तफावत आता ६० नाही, १५ आहे.

पुन्हा वाटायचं: दोघांकडे ३७.५. पुन्हा पोहोचवायचं: तुळई ४१.२५. पुन्हा वाटायचं: ३९.३८. प्रत्येक फेरीत तफावत चौथाई होते, म्हणून तीन-चार फेऱ्यांत आकडा ४० वर येऊन टेकतो. शेवटी वाटप करून थांबायचं. त्यानंतर पुन्हा पोहोचवलं, तर सांधा पुन्हा असंतुलित होतो. पायाशी या ४० चे निम्मे, म्हणजे २० मिळतात.

हे आकडे प्रत्यक्षात काय सांगतात? नुसती टेकलेली तुळई मध्यभागी ९० सोसते. या फ्रेममध्ये तिला ५० सोसावे लागतात, कारण दोन्ही टोकांनी ४० उचलले. पण टोकाशी तुळई उलटी वाकते: मध्यभागी ताण खालच्या बाजूला, तर खांबापासून सुमारे ७६ सेंटिमीटरपर्यंत वरच्या बाजूला. तिथे वर पुरेशी सळई नसेल, तर खांबालगत तुळईच्या माथ्यावर भेग पडते. मध्यभागी तुळई कितीही भक्कम असली, तरी ही भेग टळत नाही.

उत्तर बरोबर आहे का, ते पडताळण्याच्या दोन सोप्या खुणा आहेत. सांध्यातले मोमेंट एकमेकांना पुरे पडले पाहिजेत. आणि ज्या खांबावर मध्ये कुठे भार नाही, त्याच्या पायाशी डोक्यातल्या मोमेंटच्या बरोबर निम्मा हवा.

तिसरी खूण अधिक महत्त्वाची. खांबाच्या दोन्ही टोकांच्या मोमेंटची बेरीज उंचीनं भागली की पायाशी आडवा जोर मिळतो: ६० भागिले ४, म्हणजे १५ किलोन्यूटन. डावा पाया तो उजवीकडे देतो, उजवा डावीकडे. दोन्ही एकमेकांना रद्द करतात, म्हणून फ्रेम बाजूला कलत नाही. आपण सांधे फक्त फिरू दिले होते, सरकू दिले नव्हते. ते गृहीतक इथे खरं ठरलं.

आता उजवा खांब दुप्पट ताठर करून पाहा. तेच वाटप केलं, तर डाव्या पायाशी १३.७ आणि उजव्या पायाशी १९.६ किलोन्यूटन येतात. सांध्यातले मोमेंट चोख जुळलेले असतात, तरीही उत्तर अपुरं असतं. जवळपास ६ किलोन्यूटनचा एक अदृश्य टेकू आपण नकळत लावलेला असतो. टेकू काढला की फ्रेम कमी ताठर खांबाच्या बाजूला सरकते, आणि त्या सरकण्याचा हिशेब वेगळा करून मिळवावा लागतो. उभा सारखा भार आहे म्हणून फ्रेम कलणार नाही, ही समजूत सममित फ्रेमपुरतीच खरी आहे.

राहिला पक्का पाया. तो कागदावर पक्का असतो. मऊ मातीवरचा छोटा फूटिंग थोडा फिरतोच. पाय अगदी मोकळा फिरतो असं धरलं, तर सांध्यातला मोमेंट ४० वरून ३६ होतो आणि तुळईच्या मध्यावर ५० चे ५४. तुळईला विशेष फरक पडत नाही. पायाशी मात्र २० चा शून्य होतो आणि आडवा जोर १५ वरून ९ वर येतो. म्हणून पाय किती पक्का, याची खात्री नसेल, तर तुळई आणि खांबाचं डोकं मोकळ्या पायाच्या हिशेबालाही पुरतील असे ठेवायचे. पण फूटिंग आणि खांबाचा तळ २० साठीच करायचा. तिथे शून्य धरून सळई कमी केली आणि जमीन प्रत्यक्षात कडक निघाली, तर न मोजलेला मोमेंट नेमका तिथेच येतो.