मेल गेला, पण दिसलाच नाही

समजा, भोसरी एमआयडीसीत पितळी सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना आहे. नवी गिऱ्हाइकं मिळावीत म्हणून मालकांनी चारशे कंपन्यांच्या खरेदी विभागांचे पत्ते जमवले, मेल पाठवणारं एक सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्यानं घेतलं आणि सोमवारी सकाळी चारशे मेल एकदम सोडले. संध्याकाळी पडद्यावर आकडा दिसला: ३६० पोहोचले, ४० परत आले. आठवडा उलटला तरी एकाचंही उत्तर नाही. मालकांना वाटलं, आपला दर जास्त असणार. खरं तर दर वाचण्याची वेळच आली नव्हती, कारण बरेचसे मेल स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडले होते.

‘पोहोचला’ या आकड्याचा अर्थ इतकाच, की समोरच्या सर्व्हरनं मेल स्वीकारला. स्वीकारताना तो ‘२५०’ या क्रमांकाची पोच देतो आणि सॉफ्टवेअर तीच मोजतं. मेल इनबॉक्समध्ये टाकायचा की स्पॅममध्ये, हा निर्णय त्यानंतरचा असतो आणि तो पाठवणाऱ्याला कुणी कळवत नाही. त्यामुळे दोष शोधायचा तर मालकांनाच मेल उघडून पाहावा लागतो.

त्याची सोपी रीत अशी: तोच मेल त्याच सॉफ्टवेअरमधून स्वतःच्या वैयक्तिक जीमेलवर पाठवायचा, तो उघडून तीन टिंबांच्या मेन्यूतलं `Show original` निवडायचं. आपल्या मालकांना तिथे साधारण असं दिसलं:

```
SPF:   PASS
DKIM:  PASS  mailer.example
DMARC: FAIL
```

पहिल्या दोन ओळी पाहून सगळं ठीक आहे असं वाटतं. पण एसपीएफ तपासतं ते पाकिटावरचा पत्ता, म्हणजे परत आलेला मेल जिथे जातो तो. आणि तो होता सॉफ्टवेअर कंपनीचा. डीकेआयएम ही डिजिटल सही, तीही सॉफ्टवेअर कंपनीच्याच डोमेनची. आतल्या लेटरहेडवर मात्र कारखान्याचं नाव. लेटरहेडवरचं नाव या दोहोंपैकी निदान एकाशी जुळतं का, एवढंच डीमार्क पाहतं. इथे ते कशाशीच जुळलं नाही. उपाय अर्ध्या तासाचा आहे: सॉफ्टवेअर जी डीकेआयएमची नोंद देतं ती आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये भरायची, म्हणजे सही कारखान्याच्या नावानं होते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी याबाबत नियम कडक केले आहेत. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लागतात. त्याहून कमी पाठवणाऱ्यालाही पहिल्या दोहोंपैकी एक तरी हवंच.

पण ओळख पटली म्हणजे पत मिळाली असं नाही. सर्व्हर पुढे पाहतो तो या डोमेनचा इतिहास. कारखान्याचं डोमेन एरवी दिवसाला दहा-वीस मेल पाठवणारं. त्यानं एका सकाळी चारशे सोडले आणि त्यातले ४०, म्हणजे दहा टक्के, चुकीच्या पत्त्यांमुळे परत आले. विकत घेतलेल्या किंवा जुनाट यादीची हीच खूण असते. त्याहून वाईट म्हणजे तक्रार. वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी गुगलची अपेक्षा अशी, की ‘स्पॅम’चं बटण दाबणाऱ्यांचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत राहावं आणि ०.३ टक्क्यांपर्यंत कधीच जाऊ नये. हजारात तीन म्हणजे अगदी थोडी चूक. शिवाय हे प्रमाण इनबॉक्समध्ये गेलेल्या मेलवर मोजतात. चारशेपैकी शंभरच इनबॉक्समध्ये गेले आणि एकानं बटण दाबलं, तर प्रमाण थेट एक टक्का. कंपन्यांच्या मेलपेट्यांना त्यांचे स्वतःचे वेगळे फिल्टर असतात, पण कलही तसाच असतो.

याची झळ फक्त जाहिरातीच्या मेलना बसत नाही. त्याच डोमेनवरून जुन्या गिऱ्हाइकांना जाणारी बिलं आणि कोटेशनंही स्पॅममध्ये जाऊ लागतात. म्हणून असा पत्रव्यवहार वेगळ्या उपडोमेनवरून करणं शहाणपणाचं. तेही पहिल्या दिवसापासून धावडवायचं नाही. दिवसाला पंधरा-वीस मेल, पत्ते आधी तपासून घेतलेले, परत आलेला पत्ता तिथल्या तिथे यादीतून काढलेला, आणि उत्तरं येत असतील तरच काही आठवड्यांत संख्या हळूहळू वाढवायची.

आता मेलचं रूप. मालकांनी छापील माहितीपत्रकाचं एकच मोठं चित्र चिकटवलं होतं आणि खाली दोन ओळी मजकूर. मजकूर चित्रात लपवणं ही स्पॅमवाल्यांची जुनी युक्ती. ‘स्पॅमअसॅसिन’सारखा फिल्टर चित्र मोठं आणि शब्द थोडे असलेल्या मेलला वेगळे गुण लावतो. तिथे अशा खुणांचे गुण मिळवतात आणि मूळ मांडणीनुसार बेरीज पाचवर गेली की मेल स्पॅम ठरतो. त्यामुळे ‘फ्री’ हा एकच शब्द काढून काही साधत नाही. विषयात खोटं ‘Re:’ लावणं मात्र दुहेरी नडतं: गुगलच्या नियमांत ते बसत नाही, आणि फसवलं गेल्याच्या रागात माणूस बटण दाबतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते लिंककडे. मेलमधल्या प्रत्येक लिंकचं डोमेन ‘स्पॅमहाउस’ आणि ‘एसयूआरबीएल’सारख्या बदनाम डोमेनांच्या याद्यांशी ताडून पाहतात. म्हणजे लिंक टाकली, की त्या डोमेनची पत आपल्या मेलला चिकटते. मालकांनी कॅटलॉगची लिंक छोटी करून दिली होती. अशा सेवेचं डोमेन हजारो लोक वापरतात, त्यांत भामटेही असतात आणि खरा पत्ता झाकला जातो. दुसरी लिंक दिसायला कारखान्याच्या संकेतस्थळाची होती, पण क्लिक मोजण्यासाठी सॉफ्टवेअरनं ती आपल्या सामाईक डोमेनवरून वळवली होती. दिसतो एक पत्ता आणि जातो दुसरीकडे, ही फसव्या मेलची ओळख. इथे ती मालकांना न विचारता तयार झाली होती. मेल उघडला का हे कळावं म्हणून जे अदृश्य चित्र बसवतात, त्याचाही भरवसा राहिलेला नाही, कारण २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय चालू असेल, तर माणसानं मेल न उघडताही ते चित्र उतरवलं जातं. सेटिंगमध्ये जाऊन या दोन्ही मोजण्या बंद करता येतात.

नेमकं काय नडतंय हे पाहायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी साधा मजकूर, लिंक नाही, मग आपल्या संकेतस्थळाची एक उघड लिंक, मग चित्र. वेगवेगळ्या सेवांवरच्या ओळखीच्या पाच-सहा मेलपेट्यांत पाठवून कुठल्या बदलानंतर मेल स्पॅममध्ये जातो ते पाहावं. यातून अंदाजच मिळतो, कारण जीमेल प्रत्येक माणसाच्या सवयींप्रमाणेही निवड करतं आणि ओळखीच्यांना आपले मेल आधीच आलेले असतात.

या कारखान्याचा पहिला मेल खरं तर सहा ओळींचा पुरे: आपण कोण, काय बनवतो, याच कंपनीला का लिहिलं, एक प्रश्न, आणि ‘पुन्हा मेल नको असेल तर तसं कळवा’ अशी एक ओळ. नकार देणं स्पॅमचं बटण दाबण्याइतकं सोपं असलं, की बरेच लोक बटणापर्यंत जात नाहीत. कॅटलॉग पहिल्या मेलमध्ये नसावा. खरेदी अधिकाऱ्यानं ‘दर पाठवा’ असं उत्तर दिलं, की तो त्याच संवादात जोडता येतो, आणि ज्याला उत्तर दिलंय त्याचा पुढचा मेल फिल्टर सहसा अडवत नाही.