भाडेकराराची हरवलेली पानं मागताना

घरमालकानं भाडेकराराची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की बहुतेक भाडेकरू भाड्याचा आकडा आणि सही पाहून फाइल बंद करतात. अर्धा करार गायब असला तरी मग ते कळत नाही. कागद पाठपोट छापलेले असतात आणि स्कॅन करणारा एकच बाजू घेतो, हे त्याचं एक नेहमीचं कारण.

पुण्यातल्या एका भाडेकरूचं उदाहरण घेऊ. करार 12 पानांचा, हाती आली फक्त 1, 3, 5, 7, 9 आणि 11 ही विषम पानं. पाचव्या पानाच्या तळाशी ‘अनामत रक्कम परत करताना’ इथं वाक्य तुटतं आणि सातवं पान थेट पाहुण्यांच्या नियमानं सुरू होतं. म्हणजे अनामत किती दिवसांत परत मिळणार, रंगकामाचे पैसे कापणार का, हे सगळं सहाव्या पानावर आहे. पानांचे आणि कलमांचे क्रमांक ओळीनं लागतात का आणि प्रत्येक पानाचं शेवटचं वाक्य पुढच्या पानावर पूर्ण होतं का, एवढं पाहिलं की अशी गळती लगेच सापडते.

मागणी करताना ‘करार नीट आला नाही’ असं मोघम लिहिलं, तर पुन्हा तीच फाइल येण्याची शक्यता असते. त्यापेक्षा असं लिहावं:

‘नमस्कार काका, काल पाठवलेली कराराची फाइल मिळाली. करार 12 पानांचा आहे, पण फाइलमध्ये 2, 4, 6, 8, 10 आणि 12 ही पानं नाहीत. बहुधा कागदाची मागची बाजू स्कॅन व्हायची राहिली असावी. कृपया दोन्ही बाजू स्कॅन करून नोंदणी झालेला पूर्ण करार, इंडेक्स टूसह, एकाच पीडीएफमध्ये शुक्रवारपर्यंत पाठवाल का? पोलीस पडताळणीसाठी द्यायचा आहे.’

यात दोष कुणाला दिलेला नाही, पण नेमकं काय हवं ते स्पष्ट आहे. सुटी पानं न मागता सबंध फाइल मागितली, कारण सुटी पानं जुन्या मसुद्यातलीही असू शकतात. नोंदणीआधीची वर्ड फाइल आली, तर तीही पुरेशी नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्यामुळे उत्तर आलं नाही, तरी वाट बंद होत नाही. ऑनलाइन नोंदणी एजंटानं केली असेल, तर त्याच्याकडे पूर्ण पीडीएफ असू शकते. तिथंही नाही मिळाली, तर दस्त क्रमांक आणि वर्ष देऊन दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल मागता येते. इंडेक्स टूवर दस्त क्रमांक असतो, म्हणून तो कागद पहिल्याच संदेशात मागून घ्यावा.