हप्ता तोच, वाटणी बदलती

भाचीने घरकर्जाच्या कागदाचा फोटो पाठवला: एक तक्ता, खाली दोन रंगांच्या खांबांचा आलेख. सोबत प्रश्न होता, "मामा, दहा वर्षं हप्ते भरूनही कर्जाचा तिसरा हिस्सासुद्धा फिटत नाही. हे बरोबर आहे?"

कर्ज ३० लाखांचं, दर ९ टक्के, मुदत २० वर्षं, मासिक हप्ता २६,९९२ रुपये. तक्त्यातल्या काही ओळी अशा:

| वर्ष | व्याज (लाख रु.) | मुद्दल (लाख रु.) | वर्षाअखेर शिल्लक (लाख रु.) |
|---|---|---|---|
| १ | २.६८ | ०.५६ | २९.४४ |
| १० | १.९८ | १.२६ | २१.३१ |
| २० | ०.१५ | ३.०९ | ० |

आकडे बरोबर आहेत. बँक आधी व्याज कापून घेते, असं अनेकांना वाटतं, पण तसं नाही. दर महिन्याला फक्त शिल्लक रकमेवरचं त्या महिन्याचं व्याज लागतं. पहिल्या महिन्यात ३० लाखांवर ९ टक्के भागिले १२, म्हणजे २२,५०० रुपये. हप्त्यातून ते वजा केले की मुद्दलात जेमतेम ४,४९२ रुपये जातात. पुढच्या महिन्यात शिल्लक तेवढीच घटते, म्हणून व्याज ३४ रुपयांनी कमी होतं आणि तेच ३४ रुपये मुद्दलाकडे वळतात. सुरुवातीला हा बदल जाणवतही नाही, पण तो दरमहा वाढत जातो. म्हणून आलेखातले सगळे खांब सारख्याच उंचीचे असूनही व्याजाचा रंग आधी सावकाश, मग झपाट्याने खाली येतो. मुद्दलाचा वाटा निम्म्यावर जातो तो १४९ व्या हप्त्याला, म्हणजे तेराव्या वर्षात.

जादा पैसे कधी भरावेत, याचं उत्तरही इथेच आहे. हप्ता तोच ठेवून पहिल्या वर्षाच्या शेवटी एक लाख भरले, तर सुमारे १९ हप्ते वाचतात आणि व्याजात ४.१३ लाखांची बचत होते. तेच लाख दहा वर्षांनी भरले, तर जेमतेम नऊ हप्ते वाचतात आणि बचत १.३८ लाखांवर येते. लवकर भरलेल्या रकमेवरचं व्याज पुढच्या प्रत्येक महिन्यात टळतं, म्हणून हा फरक.

हा तक्ता मात्र दर ९ टक्केच राहिला तरच खरा. वर्षभराने दर साडेनऊ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत दोन वर्षांहून जास्त लांबते. हप्ता वाढवायचा की मुदत, हे ठरवण्याचा पर्याय कर्जदाराला द्यावा, असं रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये बँकांना सांगितलं आहे. भाचीच्या फोटोत कागदाची खालची कडा कापली गेली होती. दर स्थिर की बदलता, हे बहुधा तिथेच लिहिलेलं असणार, म्हणून तिला त्या कडेचा फोटो पुन्हा पाठवायला सांगितलं.