ऑक्सिडक कोण, क्षपणक कोण?

अकरावीच्या रसायनशास्त्रात रेडॉक्स अभिक्रियांच्या स्वाध्यायात एक प्रश्न हमखास असतो: 'पुढील अभिक्रियांमधील ऑक्सिडक आणि क्षपणक ओळखा.' अनेक विद्यार्थी पाठ केलेल्या यादीवरून उत्तर लिहितात. पोटॅशियम परमँगनेट ऑक्सिडक, हायड्रोजन पेरॉक्साइड ऑक्सिडक, जस्त क्षपणक. मग एखाद्या प्रश्नात परमँगनेट आणि पेरॉक्साइड एकाच समीकरणात समोरासमोर येतात आणि यादी निकामी ठरते. दोघेही ऑक्सिडक, तर मग इलेक्ट्रॉन द्यायचे कोणी?

दहावीपर्यंत आपण शिकतो की ऑक्सिजन मिळाला की ऑक्सिडीकरण आणि ऑक्सिजन गेला की क्षपण. पुढे ही व्याख्या अपुरी पडते, कारण ऑक्सिजनचा संबंध नसतानाही हीच प्रक्रिया घडते. मोरचुदाच्या द्रावणात जस्ताची पट्टी बुडवली की तिच्यावर तांब्याचा थर चढतो. तिथे जस्ताचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो आणि तांब्याचा आयन ते घेतो. इलेक्ट्रॉन देणे म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणे म्हणजे क्षपण. जो घेतो तो समोरच्याचे ऑक्सिडीकरण घडवतो, म्हणून तो ऑक्सिडक. त्याचे स्वतःचे मात्र क्षपण होते. विद्यार्थ्यांची सर्वाधिक गल्लत इथेच होते.

इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्या देवघेवीची नोंद ठेवायला रसायनशास्त्रज्ञ प्रत्येक अणूला एक आकडा देतात. तो ऑक्सिडीकरण अंक. सुट्या मूलद्रव्यात तो शून्य असतो. संयुगात पोटॅशियमचा +1, हायड्रोजनचा बहुधा +1 आणि ऑक्सिजनचा बहुधा −2 धरतात. सगळ्या अणूंच्या अंकांची बेरीज रेणूत शून्य, तर आयनात त्याच्या प्रभाराइतकी यायला हवी. ऑक्सिजनच्या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून तिथे त्याचा अंक −1 येतो.

आता तो अडचणीचा प्रश्न घेऊ. आम्लयुक्त द्रावणात ही अभिक्रिया होते:

2KMnO₄ + 5H₂O₂ + 3H₂SO₄ → K₂SO₄ + 2MnSO₄ + 8H₂O + 5O₂

KMnO₄ मध्ये चार ऑक्सिजनचे मिळून −8 आणि पोटॅशियमचा +1. बेरीज शून्य येण्यासाठी मँगनीजचा अंक +7 हवा. उजवीकडे MnSO₄ मध्ये सल्फेटचा प्रभार −2, म्हणून मँगनीज +2. अंक पाचने उतरला, म्हणजे मँगनीजच्या प्रत्येक अणूने पाच इलेक्ट्रॉन घेतले. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन −1 वरून O₂ मध्ये शून्यावर गेला. त्याचा अंक चढला, म्हणजे त्याने इलेक्ट्रॉन दिले. त्यामुळे इथे ऑक्सिडक KMnO₄ आणि क्षपणक H₂O₂. उत्तरात नुसते 'मँगनीज' किंवा 'ऑक्सिजन' लिहू नये. अंक अणूचा बदलतो, पण ऑक्सिडक किंवा क्षपणक म्हणून तो अणू ज्यात आहे त्या पदार्थाचे नाव द्यायचे, आणि तो पदार्थ नेहमी समीकरणाच्या डाव्या बाजूचा असतो.

स्वाध्यायातल्या पुढच्याच प्रश्नात हाच पेरॉक्साइड पोटॅशियम आयोडाइडबरोबर येऊ शकतो:

2KI + H₂O₂ + H₂SO₄ → K₂SO₄ + I₂ + 2H₂O

आता आयोडीन −1 वरून शून्यावर चढते आणि पेरॉक्साइडचा ऑक्सिजन −1 वरून −2 वर उतरतो. द्रावण आयोडीनमुळे पिवळसर तपकिरी होते. इथे H₂O₂ ऑक्सिडक आहे. त्यातला ऑक्सिजन −1 वर, म्हणजे शून्य आणि −2 यांच्या मधोमध उभा असल्यामुळे तो दोन्हीकडे जाऊ शकतो. परमँगनेटमधल्या मँगनीजला +7 च्या वर जागाच नाही, म्हणून तो पदार्थ इलेक्ट्रॉन घेणाराच ठरतो. म्हणून H₂O₂ ची भूमिका ठरवताना समोर कोणता पदार्थ आहे ते आधी पाहावे लागते.

या अंकांचा खरा कस समीकरण संतुलित करताना लागतो. परमँगनेट आणि पेरॉक्साइडचे हे दुसरे समीकरण पाहा:

2KMnO₄ + H₂O₂ + 3H₂SO₄ → K₂SO₄ + 2MnSO₄ + 4H₂O + 3O₂

अणू मोजा. दोन्ही बाजूंना ऑक्सिजन बावीस, हायड्रोजन आठ, बाकीचेही जुळतात. तरीही समीकरण चुकीचे आहे. मँगनीजच्या दोन अणूंना दहा इलेक्ट्रॉन लागतात, आणि पेरॉक्साइडचा एक रेणू देतो फक्त दोन. उरलेले आठ कुठून आले याचा जमाखर्च लागत नाही. दहा इलेक्ट्रॉन पुरवायला पेरॉक्साइडचे पाच रेणूच लागतात. ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाची खूण करून केलेल्या प्रयोगांतही बाहेर पडणारा सगळा ऑक्सिजन वायू पेरॉक्साइडमधलाच असल्याचे दिसले आहे, परमँगनेटमधला किंवा पाण्यातला नाही.

ही चूक प्रयोगशाळेत लगेच महागात पडते. केमिस्टकडे मिळणाऱ्या 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे 1 मिलिलिटर शंकुपात्रात घेऊन पाणी व विरल सल्फ्युरिक आम्ल घातले, आणि ब्युरेटमधून 0.02 मोलर परमँगनेट थेंबथेंब सोडले, तर जांभळा रंग नाहीसा होत राहतो. पेरॉक्साइड संपला की पुढचा थेंब फिकट गुलाबी छटा टिकवून ठेवतो. तिथे थांबायचे. समजा 17.6 मिलिलिटर लागले, म्हणजे परमँगनेट 0.352 मिलिमोल. पाचास दोन या प्रमाणाने पेरॉक्साइड 0.88 मिलिमोल, वजनात सुमारे 30 मिलिग्रॅम. बाटलीवरचे 3 टक्के बरोबर निघाले. चुकीच्या समीकरणाने तेच उत्तर 6 मिलिग्रॅम येते आणि चांगली बाटली पाचपट पातळ ठरते. या प्रयोगात हायड्रोक्लोरिक आम्ल वापरत नाहीत, त्याचे कारणही अंकच सांगतात: परमँगनेट त्यातल्या −1 अंकाच्या क्लोरिनचेही ऑक्सिडीकरण करू शकते, आणि मग जास्तीचे परमँगनेट खर्च होऊन मोजमाप बिघडते.

रंग बदलला म्हणजे रेडॉक्स झालेच, असेही समजू नये. पिवळ्या क्रोमेटच्या द्रावणात आम्ल घातले की ते नारिंगी डायक्रोमेट होते, पण क्रोमियमचा अंक दोन्हीकडे +6 असतो. तिथे ऑक्सिडकही नाही आणि क्षपणकही नाही. दुसऱ्या बाजूला, ऑक्सिडीकरण अंक हा अणूवरचा प्रत्यक्ष विद्युतप्रभार नव्हे. बंधातले इलेक्ट्रॉन, ते जास्त जोराने ओढणाऱ्या अणूचे पूर्णपणे झाले असे मानून तो काढतात. म्हणूनच Fe₃O₄ मध्ये लोहाचा अंक 8/3 येतो. ती सरासरी असते. प्रत्यक्षात तीनपैकी एक अणू +2 आणि दोन +3 असतात.

म्हणून स्वाध्याय सोडवताना आधी प्रत्येक अणूवर अंक लिहा, कोणाचा चढला आणि कोणाचा उतरला ते पाहा, आणि शेवटी दिलेले व घेतलेले इलेक्ट्रॉन समान आहेत का ते मोजा. हे दोन आकडे जुळत नसतील, तर अणू कितीही जुळले तरी ते समीकरण खोडा.