पेढ्याची फ्रँचायझी: सही करण्याआधीचा हिशेब

साताऱ्याच्या कंदी पेढ्याच्या एखाद्या नामांकित ब्रँडने पुण्यात दुकान काढण्याचा प्रस्ताव दिला, तर ‘रॉयल्टी फक्त पाच टक्के’ हे वाक्य गोड वाटतं. पण ही रॉयल्टी नफ्यावर नसून विक्रीवर असते, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

समजा, महिन्याची विक्री ६ लाख आणि मालावर मार्जिन ३० टक्के, म्हणजे हाती १ लाख ८० हजार. त्यातून रॉयल्टी ३० हजार, भाडं ६० हजार, पगार ५० हजार, वीज १२ हजार. उरले २८ हजार. विक्रीच्या तीन टक्क्यांएवढा माल मुदत संपून टाकावा लागला, तर खरेदीच्या भावाने आणखी १२,६०० गेले. राहिले १५,४००. दुकान उभारायला १२ लाख लागले असतील, तर ते फिटायला साडेसहा वर्षं लागतील. करार मात्र पाचच वर्षांचा!

म्हणून उरलेला माल कोणाच्या खात्यावर, हे करारात लिहून घ्यावं. खरपूस भाजलेला कंदी पेढा टिकतो, ताजी बर्फी टिकत नाही. ब्रँडने ठरावीक बर्फी घ्यायची सक्ती केली, तर नासाडीतला वाटाही उचलला पाहिजे.

गुणवत्तेचं कलम बहुधा एकतर्फी असतं: दंड दुकानदाराला. माल ब्रँडच्याच कारखान्यातून येत असेल, तर उतरवतानाच तपासून परत करण्याचा हक्क हवा. खव्यात स्टार्चची भेसळ असेल, तर आयोडीनच्या थेंबाने तो निळा पडतो. प्रयोगशाळेचा खर्च कोणाचा, हेही ठरवावं.

ही कलमं बदलायला ब्रँड तयार नसेल, तर सही करू नका.